चव्वेचाळिसावी ओळ

दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा, अशी माझी नोकरी होती, आणि ती मला मनापासून आवडायची. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं ते दिवस. जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलंमुली बारावीसाठी यायची आणि त्यांना राहायला जागा पुरायची नाही. जुनी घरं पाडून वसतिगृहं उभी राहत होती. ती बांधणाऱ्या गुत्तेदारांवर मालकाच्या वतीनं लक्ष ठेवायचं काम आमच्या ऑफिसकडे असायचं. त्यातलं वेळापत्रकाचं टेबल माझं.

काम हाती आलं की गुत्तेदारानं महिन्याभरात सगळ्या कामाचं वेळापत्रक द्यायचं असतं. कोणतं काम कधी सुरू, किती दिवस, कोणत्या कामानंतर कोणतं. आम्ही ते तपासायचं, शेरे काढायचे, त्यानं दुरुस्त करून आणायचं आणि मग मालकानं ते मान्य करायचं. मान्य झालं की त्याला बेसलाइन म्हणतात. पुढं उशीर झाला तर तो मोजायचा या बेसलाइनपासून, म्हणून भांडणंही सगळी तिथूनच सुरू होतात. मला या सगळ्यात शेरे काढायचा भाग प्रिय होता. लाल पेन साहेबांना चालायचं नाही, नाहीतर तेही वापरलं असतं.

आमचे साहेब भूकंपानंतर नवी गावं वसवायच्या कामावर होते. तिथून ते एक खोड घेऊन आले होते. शेरे आधी पेन्सिलीनं कागदावर लिहायचे आणि तो कच्चा कागदसुद्धा फाईलला लावायचा, पान क्रमांक घालून. "टाइप केलेल्या कागदावर माणूस कळत नाही मॅडम, कच्च्यावर कळतो," म्हणायचे. आम्ही पाठीमागं हसायचो, पण कच्चे कागद निमूटपणे लावायचो.

तर एका क्लासच्या मालकांनी, ज्यांना सगळं गाव सर म्हणायचं, मुलींचं वसतिगृह बांधायला काढलं. तळमजल्यावर मोठी अभ्यासिका, वर चार मजले. जूनमध्ये नवी बॅच येते, म्हणून मेअखेर इमारत ताब्यात पाहिजे, ही सरांची एकच अट. गुत्तेदार नांदेडचा होता. त्याच्याकडचं वेळापत्रकाचं पान मी उलटलं आणि खाली तयार करणाऱ्याची सही पाहिली. ती सही मी लहानपणापासून ओळखत होते.

ती कोण, हे सांगायला मला भूकंपापर्यंत मागं जावं लागेल.

भूकंपात आमचं लातूरचं घर पडलं नाही. फक्त मधल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. पण घरात झोपायची कुणाची छाती नव्हती, म्हणून अंगणात ताडपत्री बांधून आम्ही कित्येक महिने बाहेर काढले. वडील शाळामास्तर. त्यांनी नांदेडचे एक मिस्त्री शोधून आणले. जवळच्या नव्या वसाहतीचं काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमची भिंत शिवायचे. भिंतीला दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळी आणि वर सिमेंट. त्यांच्याबरोबर शाळेला सुट्टी असली की त्यांची मुलगी यायची. माझ्याच वयाची. घरात पाच पिढ्या गवंडीकाम, आणि ही पाढे धाडधाड म्हणणारी.

वडिलांना ती सापडली म्हणजे काय विचारता. ताडपत्रीखाली आम्हा दोघींना ते बरोबर गणितं घालायचे. तिचं उत्तर आधी यायचं. माझं नंतर यायचं, आणि बरोबर असलं तरी नंतरच यायचं. वडील तिच्या पाठीवर थाप मारायचे. मी पेन्सिल इतकी दाबून लिहायचे की खालच्या तीन पानांवर उमटायचं. ती त्या कोऱ्या पानांवरून बोट फिरवून माझी गणितं वाचून दाखवायची आणि खो खो हसायची. मला तेव्हापासून तिचा राग होता असं म्हणणं खोटं ठरेल, कारण ती माझी मैत्रीणच होती, अगदी जिवाची. पण हेवा होता. दोन्ही एकाच ताटात जेवायचे, एवढं मला आज कबूल करता येतं.

पुढं नांदेडच्या कॉलेजात आम्ही दोघी स्थापत्य शिकलो, एका खोलीत राहिलो. ती पहिली, मी दुसरी. प्रत्येक वर्षी. निकालाच्या दिवशी मी घरी फोन केला की वडील आधी विचारायचे, "आणि मिस्त्रींची पोरगी?" चार वर्षं तोच प्रश्न, तेवढ्याच उत्साहानं.

वेळापत्रक द्यायला ती स्वतः नांदेडहून आली, आणि ऑफिसात यायच्या आधी आमच्या घरी गेली. संध्याकाळी मी घरी पोचले तर वडील खुशीत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पाय दुखत होते, पण ती येऊन गेली की त्यांना तरतरी यायची.

"भिंतीला हात लावून बघितला तिनं," ते म्हणाले. "सगळीकडून. म्हणाली, गुरुजी, भिंत एकदम टणक हाय, अब्बांच्या हातची हाय. काळजी नको." मग त्यांनी विचारलं, "तू एवढी वर्षं इथं राहतेस. तू कधी लावलास का गं हात?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मला झोंबलं. मी भाकरी संपवली आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तिचं वेळापत्रक घेऊन बसले.

तीनशे बारा कामं होती. पहिल्या तासातच मला कळलं की हे कच्चं आहे, आणि माझ्या अंगात गोड उबारा आला. आधी कालावधी. एका मजल्याचं सेंटरिंग, लोखंड, काँक्रीट, सगळं मिळून अकरा दिवस. एकाच सेंटरिंगच्या सामानावर चार मजले हे कुणालाही जमणार नाही. अभ्यासिकेवरचे तुळयांचे गाळे सात मीटरचे. त्यांच्या खालच्या टेकण्या तीन आठवडे हलवायच्या नसतात. हिनं पाचव्या दिवशी खोलून पुढच्या मजल्यावर नेल्या होत्या. वरच्या सगळ्या खोल्यांची फरशी, गिलावा, रंग वीस दिवसांत. मेअखेरची तारीख आधी ठोकून मागं मागं येत दिवस कापले होते, हे उघड दिसत होतं. गुत्तेदारानं डोक्यावर उभं राहून करून घेतलं असणार. ते मला तेव्हाही समजलं होतं, पण शेऱ्यात मी तसं लिहिलं नाही. मी लिहिलं, "कालावधी वास्तवाला धरून नाहीत. तयार करणाऱ्यास कामाच्या मूलभूत गोष्टींचे आकलन दिसत नाही."

पाच पिढ्या गवंड्यांच्या मुलीला मी हे लिहिलं. साहेबांनी दुसरं वाक्य खोडलं आणि माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं.

मग सुट्ट्यांचा हिशेब. वेळापत्रकाला कामाचे दिवस कोणते आणि सुट्टीचे कोणते हे सांगावं लागतं. तिनं एक नाही, चार वेगवेगळी सुट्टीपत्रकं जोडली होती, नुसती एक, दोन, तीन, चार अशी. कोणतं कुणासाठी, एका शब्दाचा खुलासा नाही. एकात शुक्रवारी सुट्टी, दुसऱ्यात आठवड्यातल्या निराळ्याच दिवशी. चौथ्यात सुट्टीच नाही. आणि तिसऱ्यात तर कहर होता. महिन्यातून फक्त एक दिवस सुट्टी, तीही दर महिन्याला भलत्याच तारखेला. मी ते शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवलं, आम्ही दोघी हसलो, आणि मी शेरा लिहिला, "सुट्टीपत्रक क्रमांक तीनमधील सुट्ट्यांमागे कोणताही तर्क आढळत नाही. टंकनदोष असल्यास दुरुस्त करावा."

शेवटी साखळ्या. वेळापत्रकात प्रत्येक कामाला आधीचं एक काम आणि नंतरचं एक काम बांधलेलं असावं लागतं, अगदी पहिलं आणि अगदी शेवटचं सोडून. मागचं काम लांबलं की पुढचं आपोआप लांबतं आणि उशीर डोळ्यांना दिसतो. बांधलेलंच नसलं तर ते काम अधांतरी लोंबत राहतं. वर्षभर रखडलं तरी शेवटची तारीख जागची हलत नाही आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. तिच्या वेळापत्रकात अशी लोंबती कामं मी शोधत गेले आणि एकेक पेन्सिलीनं उतरवत गेले. बाहेरचा गिलावा, त्याच्यानंतर काहीच नाही. लिफ्ट बसवणं, त्याच्या आधी काहीच नाही. पाण्याच्या टाकीची चाचणी, पुढं काहीच नाही. चव्वेचाळीस निघाली.

चव्वेचाळिसावं होतं वीज जोडणी. पंधरा दिवस, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, तारीख खिळ्यानं ठोकल्यासारखी पक्की केलेली. आधी काही नाही, नंतर काही नाही. बाकीची त्रेचाळीस चुकली तर गोंधळ झाला असता आणि निस्तरलाही असता. ही चूक निस्तरण्यातली नव्हती. एवढ्या मोठ्या इमारतीला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याचा अर्ज, मंजुरी, खोली, बसवणं, तपासणी, यात चार-पाच महिने सहज जातात. आधीच्या एका कामावर मी ते भोगलं होतं. ही साखळी बांधली असती तर अर्ज डिसेंबरच्या आत टाकायला हवा हे वेळापत्रकच ओरडून सांगणार होतं. बांधली नाही तर कुणाला पत्ता लागणार नव्हता, उन्हाळा तोंडावर येईपर्यंत.

मी ती ओळ लिहिली. मग पेन्सिल खाली ठेवली. मग रबर घेतलं आणि ती खोडली.

का, ते सांगते. मला वाटलं, होऊ दे. पहिली येणाऱ्या, भिंतीला नुसता हात लावून वडिलांना खूश करणाऱ्या या बाईचं एकदा सगळ्यांसमोर चुकू दे. बाकी त्रेचाळीस शेऱ्यांनी ती फक्त दुरुस्त झाली असती. मला ती दुरुस्त व्हायला नको होती. हे मी तेव्हा इतक्या सरळ शब्दांत मनातही म्हटलं नव्हतं. रबराचा भुगा फुंकला, कच्चा कागद फाईलला लावला आणि चहा मागवला.

शेऱ्यांवर बैठक झाली ती आमच्या ऑफिसात. सर, साहेब, गुत्तेदार, ती आणि मी. तिनं माझ्याकडं पाहून ओळखीचं हसू दिलं आणि कागद उघडला. कालावधींवर तिनं एकही सबब सांगितली नाही.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "टेकण्या पाच दिवसांत खोलणं चूकच हाय. दुसरा सेंटरिंगचा संच आणला तरच मेमध्ये बसतंय, न्हाईतर न्हाई."

गुत्तेदाराचं तोंड पडलं. "मी मे म्हणजे मे सांगितलं होतं," तो पुटपुटला.

"हाव मालक, म्हणून तर दिवस कापले मी. कापायला नको होते." एवढं स्वच्छ बोलून ती पुढच्या शेऱ्याकडं वळली. सर माना डोलवत होते. मला ते माना डोलवणं सहन होईना, म्हणून मीच मोठ्यानं तिसऱ्या सुट्टीपत्रकाचा शेरा वाचून दाखवला. तर्क आढळत नाही, टंकनदोष वगैरे.

ती क्षणभर गोंधळली. "हे लिहून द्यायला पाहिजे होतं, चूक माझी," ती म्हणाली. "पहिलं गवंड्यांचं. ते आमच्या नांदेडचे, जुम्म्याला काम करत न्हाईत. दुसरं बाजाराच्या दिवसाचं, बिगाऱ्यांचं. चौथं काँक्रीटचं, ते सुट्टीच्या दिवशी बी वाळून राहतं, त्याला कसली सुट्टी. आणि तिसरं सेंटरिंगवाल्यांचं. ते धर्माबादकडचे, तेलुगू बोलणारे. अवसेला हात लावत न्हाईत कामाला."

सर उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेले, कागदावरची एकेक तारीख बघून पान उलटत गेले, आणि हसायला लागले. "अमावस्या! सगळ्या अमावस्या आहेत की हो!" गुत्तेदार हसला, साहेब हसले. मी मास्तरांची मुलगी. आमच्या स्वयंपाकघरात तेच कॅलेंडर टांगलेलं होतं, आई दर अमावस्येला त्यावर बोट ठेवून नारळ आणायला सांगायची. बारा तारखा समोर असून मला एकही ओळखू आली नव्हती. टंकनदोष म्हणे.

ती मात्र हसली नाही. "त्यांचं बरोबर हाय," ती म्हणाली. "नाव न्हाई, खुलासा न्हाई, तर कुणाला कळणार? हा शेरा ठेवा साहेब."

मला पाठीशी घालत होती. खाली मान घालून मी कागदाच्या कोपऱ्याला घड्या घालत बसले. तिथंच, त्याच टेबलावर, मला सांगता आलं असतं की आणखी एक साखळी सुटली आहे. शब्द ओठांपर्यंत आला, खरंच आला. पण सर तिला म्हणत होते, "तुमच्यासारखी माणसं आमच्याकडं पाहिजेत," आणि तो शब्द मी गिळला.

तीन आठवड्यांनी ती दुरुस्त वेळापत्रक घेऊन आली. देखणं झालं होतं. दुसरा सेंटरिंगचा संच, टेकण्यांना पुरेसे दिवस, वीटकाम मजल्यामागून मजला, चारही सुट्टीपत्रकांना नावं आणि खुलासे. मेअखेर बसत होती, हातात मोजून आठवडाभर मोकळा ठेवून.

"तुझ्या यादीतल्या त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बांधल्या," ती म्हणाली. "एकेक टिक करून. तुझ्या नजरेतून काय सुटत न्हाई, मला माहीत हाय. म्हणून मी बाकी परत चाळत बसले न्हाई."

कॉम्प्युटरला विचारलं असतं तर त्यानं तिला दोन मिनिटांत उरलेलं लोंबतं काम दाखवलं असतं. पण तिनं कॉम्प्युटरला विचारलं नव्हतं, माझ्यावर विसंबली होती. कामात हीच चूक होती तिची, आणि तशी चूक फक्त तीच करू शकत होती.

मी मान्यतेची शिफारस लिहिली. मान्यतेच्या पत्रात शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, की या मान्यतेमुळे गुत्तेदाराची कोणतीही जबाबदारी कमी होत नाही. इतर वेळी ते मी न वाचता टाइप करायचे. त्या दिवशी दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं. त्या वाक्याखाली मी सही केली.

हिवाळाभर काम झकास चाललं. स्लॅब ठरल्या दिवशी टाकले गेले, अमावस्यांना सेंटरिंगवाले बसून राहिले आणि तरी तारीख चुकली नाही, कारण त्या तारखा आधीच धरलेल्या होत्या. साइटवर गेलं की ती डोक्याला टोपी घालून एखाद्या भिंतीवरून तळवा फिरवत उभी दिसायची. गवंडी तिला दीदी म्हणायचे. सरांनी एकदा सगळ्यांसमोर तिला पेढा दिला. त्या प्रत्येक दिवशी मला अर्ज टाकायची वेळ आठवायची. डिसेंबर गेला. जानेवारी गेला. एकदा फोन हातात घेऊन तिचा नंबरही काढला होता. मग वडिलांनी आतून विचारलं, "मिस्त्रींच्या पोरीला करतेस का? मला दे जरा," आणि मी फोन ठेवून दिला.

मार्चच्या बैठकीत वीजकाम करणाऱ्यानं सहज विचारलं, "ट्रान्सफॉर्मरचं कुणी बघून राहिलंय का? कागद कुठवर आलेत?"

कुणीच बघत नव्हतं. कागद कुठंच नव्हते. गुत्तेदारानं तिच्याकडं पाहिलं, तिनं वेळापत्रक उलटलं, आणि मी तिच्या चेहऱ्यावर ते उतरताना पाहिलं. किती वर्षं मला हे पाहायचं होतं. पाहिलं, आणि त्यात काही चव नव्हती.

"आता अर्ज टाकला तर?" सरांनी विचारलं.

"ऑगस्ट," वीजवाला म्हणाला. "लवकरात लवकर."

सरांनी दीडशे मुलींच्या पालकांना जूनचा शब्द दिला होता. ते खूप बोलले. गुत्तेदार त्याहून जास्त बोलला, तोही तिलाच, मालकाचा राग तिच्यावर ढकलत. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझी चूक हाय. साखळी बांधायची ऱ्हायली." तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. तिला यादी देणाऱ्या माणसाचं, म्हणजे माझं, नाव तिनं घेतलं नाही.

साहेबांना मात्र राहवेना. "आपल्याही तपासणीतून सुटलं म्हणजे," ते मला म्हणाले, आणि फाईल मागवली. "कच्चा कागद बघू." पण चष्मा घरी राहिला होता. फाईल उघडून कच्चा कागद त्यांनी तिच्याच पुढं सरकवला. "तुम्हीच बघा. सुटलेल्या साखळ्यांच्या यादीत वीज होती का? आम्ही सांगितलं असेल आणि तुम्ही सोडलं असेल तर ते वेगळं. आम्हीच सांगितलं नसेल तर तेही नोंदवायला पाहिजे."

ती यादी वाचत खाली गेली. त्रेचाळिसाव्या ओळीखाली कागद कोरा होता. कोरा दिसत होता. तिनं बोट तिथं ठेवलं आणि हळूच फिरवलं, डावीकडून उजवीकडं, जसं ताडपत्रीखाली फिरवायची. रबरानं शिसं जातं, दाब जात नाही. तिचं बोट मध्येच एका जागी थांबलं, मग पुन्हा सुरुवातीपासून फिरलं.

मी तिच्याकडं पाहत होते. ती कागदाकडं पाहत होती. सगळी खोली तिच्या उत्तराची वाट पाहत होती, आणि तिची नोकरी त्या एका ओळीवर टांगलेली होती. आमच्या ऑफिसानं जाणूनबुजून लपवलं एवढं तिनं म्हटलं असतं, तर दोष निम्म्याहून जास्त आमच्याकडं आला असता, आणि मी कुठंच राहिले नसते.

तिनं फाईल मिटली.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "यादीत त्रेचाळीसच हायेत. त्यांनी मन लावून केलंय. सुटतं एखादं."

बैठक संपल्यावर साहेब माझ्या खांद्यावर थोपटून गेले, मनाला लावून घेऊ नका म्हणाले. बाहेर पाण्याच्या माठापाशी ती एकटी उभी होती. मी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. तिनं गडू भरून घेतला, सावकाश पाणी प्यायली, गडू पालथा ठेवला.

"तू अजून लई दाबून लिहितीस," ती म्हणाली, आणि पदर सावरून जिना उतरून गेली.

पुढच्या आठवड्यात गुत्तेदारानं तिला काढलं. जूनमध्ये वसतिगृह जनरेटरवर चालू झालं, फक्त खालचे दोन मजले. निम्म्या मुलींना गल्लीबोळांतल्या भाड्याच्या खोल्यांत पाठवलं. उरलेल्या उकाड्यात, जनरेटरच्या धडधडीत, मान खाली घालून अभ्यास करत होत्या. सप्टेंबरात वीज आली तेव्हा साहेबांनी पेढे वाटले. ती नायगावकडं कुठल्याशा छोट्या गुत्तेदाराकडं शाळाखोल्या बांधतेय, असं कुणीतरी सांगितलं.

मला लाज वाटली, पुष्कळ वाटली, अजूनही वाटते. पण खरं सांगायचं तर जिन्यावरून ती उतरत असताना मला आधी लाज नाही वाटली. हेवा वाटला. हे असं फाईल मिटणं मला कधी जमलं नसतं, याचा हेवा. यातही तिचं उत्तर माझ्या आधी आलं होतं.

त्या बैठकीच्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तर वडील पाट मांडून बसले होते. तिच्यासाठीही एक ताट वाढलं होतं. बैठकीला ती लातुरात आलीय हे त्यांना माहीत होतं, आणि लातुरात येऊन ती आमच्याकडं जेवल्याशिवाय कधी गेली नव्हती.

"आली नाही?" त्यांनी विचारलं.

"घाईत होती," मी म्हटलं.

ते जेवले, आत जाऊन पडले. मी ताटं उचलली, तिचं तसंच राहिलेलंही. मग मधल्या भिंतीपाशी गेले आणि तिच्या अब्बांनी शिवलेल्या त्या भेगेवर, जी आता कुठं होती तेही दिसत नव्हतं, पहिल्यांदा हात ठेवला. मला काहीच कळलं नाही. नुसतं थंड लागलं.